मेसेज पुसला, आता गावाला काय सांगू?

"मी जिल्हा परिषदेच्या शाळेत चौथीला शिकवते आणि त्याच गावात खोली घेऊन राहते. रविवारी रात्री नऊच्या सुमारास केंद्राच्या शिक्षक ग्रुपवर एक फोटो आला. झोळ्या घेतलेल्या दोन बायका, आणि खाली लिहिलेलं : 'मुलं पळवणारी टोळी आपल्या भागात आली आहे. पोलिसांनी सांगितले आहे. मुलांना सांभाळा.' मी तो चौथीच्या पालक ग्रुपवर आणि आमच्या आळीच्या ग्रुपवर टाकला. पावणेअकराला एका मैत्रिणीने कळवलं की हाच फोटो तिला दोन वर्षांपूर्वी दुसऱ्या जिल्ह्याच्या नावाने आला होता. मी लगेच दोन्हीकडून डिलीट केला. सकाळी नळावर गेले तर बायका बोलता बोलता थांबल्या. शेजारच्या काकू म्हणाल्या, 'बाई, मेसेज का हो काढला? वरून दाब आला का?' तो टोमणा मला फार लागला. वर्गात २७ पैकी ११ मुलं. दुपारी कळलं की सुया-बिब्बे विकायला आलेल्या दोघींना पोरांनी वेशीवरूनच हाकललं, एकीचा मोबाइल काढून घेतला. मारहाण झाली नाही. मुख्याध्यापक म्हणतात, गप्प बसा, चार दिवसांत लोक विसरतील. घरूनही तेच सांगतात. मेसेज तर मी काढलाच आहे. आता विषय उकरून काढला तर तो पुन्हा पेटणार नाही का? आणि नोकरीवर आलं तर?"
– एक शिक्षिका

ताई,

काकूंच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण तो टोमणा होता असं मला वाटत नाही. टोमणा मारायचा असता तर त्या म्हणाल्या असत्या, 'काय बाई, शिकल्या-सवरल्या तुम्ही आणि असलं पाठवता?' 'वरून दाब आला का' असं विचारणाऱ्या माणसाने मेसेज खरा मानलेला असतो. नळावर तुमच्यावर रागावलेल्या बायका उभ्या आहेत असं समजून तुम्ही मान खाली घातलीत. त्या बहुधा घाबरलेल्या होत्या, आणि तुम्हाला जास्त काही ठाऊक आहे असं त्यांना वाटत होतं. वर्गातली १६ मुलं घरी राहिली ती त्यामुळेच. तुमच्यावर विश्वास नसता तर ती शाळेत आली असती.

रात्री मेसेज वाचून झोपलेल्या माणसाने सकाळी ग्रुप उघडला तेव्हा त्याला काय दिसलं असेल ते पाहा. तुमचं नाव, आणि त्याखाली मेसेज डिलीट केल्याची एक ओळ. बाईंनी टाकला, बाईंनीच काढला, आणि मधे अवाक्षर नाही. अशी मोकळी जागा राहिली की लोक ती आपापल्या समजुतीने भरतात, आणि गावात एक समजूत तयारच असते : पोलिसांना बोभाटा नको असेल, साहेबांनी काढायला लावला असेल. मेसेज खोटा निघाला म्हणून काढला हे कारण कोणाच्या मनात येण्याचं काही कारणच नव्हतं, कारण ते कोणी सांगितलंच नव्हतं. तुमच्या पुसण्याने अफवा विझली नाही, उलट तिला जरा वजन आलं.

डिलीटच्या बटणाने नेमकं काय होतं हे माझ्याकडे येणाऱ्या बऱ्याच पत्रांत धूसर असतं, म्हणून तेही सांगते. व्हॉट्सॲपवर आता साधारण अडीच दिवसांच्या आत सगळ्यांच्या फोनवरून मेसेज काढता येतो. पण तो फक्त तुम्ही टाकलेल्या ठिकाणचा निघतो. पावणेदोन तासांत एखाद्या पालकाने तो भावकीच्या ग्रुपवर पुढे ढकलला असेल, तर ती प्रत त्याची झाली. तुमच्या बटणाचा तिच्यावर इलाज चालत नाही. कोणी तुमच्या मेसेजला धरून उत्तर लिहिलं असेल, तर त्या उत्तराच्या चौकटीत तुमच्या मजकुराचा तुकडा अजून दिसत असेल. आणि ज्याने वाचून शेजारच्या म्हातारीला सांगितलं, त्याचं तर काहीच पुसलं जात नाही.

यात एक गोष्ट तुमच्या बाबतीत विशेष घडली असणार. मेसेज पुढे गेला की फोनवर तुमचं नाव त्याबरोबर जात नाही, 'फॉरवर्डेड' एवढंच उरतं. तोंडी मात्र नेमकं उलटं होतं. तिथे पहिलं वाक्य असतं, 'बाईंनी पाठवलंय'. मूळ कोणी लिहिलं, फोटोतल्या बायका कोण, पोलीस म्हणजे कुठल्या ठाण्याचे, हे सगळं गळून पडतं आणि 'बाईंनी' तेवढं टिकतं. म्हणून तुमचा मेसेज हा गावातल्या शंभर मेसेजांपैकी एक नव्हता. चौथीच्या बाईंनी सांगितलेली गोष्ट होती ती.

तुम्ही पत्रात लिहिलं नाही, पण ओळींच्या मधे मला ते ऐकू येतं : हेतू तर चांगलाच होता. होता, मला शंका नाही. पण हा मजकूर चांगल्या हेतूच्या माणसांसाठीच बेतलेला असतो. 'मुलांना सांभाळा' हे वाचून शिक्षिका गप्प बसू शकत नाही. 'आपल्या भागात' हे कुठल्याही भागाला लागू पडतं. 'पोलिसांनी सांगितले' यात ठाणं नाही, तारीख नाही, अधिकाऱ्याचं नाव नाही. २०१८ साली देशभर एक व्हिडिओ फिरत होता, मोटारसायकलवरचे दोघे रस्त्यावरून मूल उचलून नेतात असा. तो कराचीतल्या एका जनजागृतीच्या चित्रफितीचा तुकडा होता. मूळ फितीत ते दोघे मुलाला परत आणून सोडतात आणि मुलांकडे लक्ष ठेवा असा फलक दाखवतात. तेवढा शेवट कोणीतरी कापला होता. फित मुलांच्या काळजीपोटीच केलेली होती, आणि ती पाठवणाऱ्या हजारो आईबापांनाही मुलांचीच काळजी होती.

त्याच वर्षी १ जुलैला धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याला काय झालं ते तुम्हाला ठाऊक असेल. आठवड्याच्या बाजाराचा दिवस. भागात मुलं पळवणाऱ्या टोळीच्या अफवा आधीपासून फिरत होत्या. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची पाच माणसं, बहुतेक मंगळवेढ्याकडची, भिक्षेला तिथे आली होती. जमावाने त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून ठार मारलं. तुम्हाला घाबरवण्यासाठी मी हे लिहीत नाही. तुम्ही 'मारहाण झाली नाही' असं एका वाक्यात उरकलंत, त्या वाक्यापाशी जरा थांबावं म्हणून लिहिते आहे. तुमच्या वेशीवर जमलेल्या पोरांनी मोबाइल काढून घेतला, म्हणजे त्यांनी चौकशी आपल्या हातात घेतली होती. आपल्याकडे या अफवेचा घाव जवळजवळ नेहमी एकाच प्रकारच्या माणसांवर पडतो : पाल ठोकून राहणारी, झोळी घेऊन दारोदार फिरणारी, ज्यांची भाषा आणि पेहराव गावाला परका वाटतो ती माणसं. २०२० मध्ये पालघरच्या गडचिंचल्याला दोन साधू आणि त्यांचा गाडीवान मारले गेले, तेव्हाही चोर आणि मुलं पळवणाऱ्यांच्याच अफवा होत्या.

तर 'चार दिवसांत विसरतील' यावर माझं म्हणणं असं. तुम्ही पाठवलं हे लोक विसरतील. झोळीवाली बाई दिसली की पोरांना हाक मारायची हे मात्र विसरणार नाहीत. मुख्याध्यापक शाळेच्या नावाचा विचार करताहेत आणि घरचे तुमचा, दोन्ही रास्त आहे. फक्त त्या सुया विकणाऱ्या दोघी कोणाच्याच हिशेबात नाहीत. विषय पुन्हा पेटेल ही तुमची भीती अगदीच पोकळ आहे असंही मी म्हणणार नाही. खुलासा चुकीच्या पद्धतीने केला तर अफवा खरंच आणखी चार घरी जाते. म्हणून पद्धत नीट सांगते. हे उत्तर छापून येईल तोवर बरेच दिवस गेले असतील, तरी उशीर झाला म्हणून सोडून देऊ नका.

लिहिण्याआधी पोलीस पाटलांना गाठा आणि त्यांच्याबरोबर किंवा फोनवर ठाण्यात विचारा : आपल्या हद्दीत मूल पळवल्याची किंवा हरवल्याची काही तक्रार आहे का? ही पायरी गाळू नका. फोटो जुना आहे एवढंच तुम्हाला कळलेलं आहे. हद्दीत खरंच काही घडलेलं नाही, हे अजून तुम्हाला ठाऊक नाही. एक न तपासलेली गोष्ट पाठवून झाली, आता तिचा खुलासाही न तपासता पाठवू नये. ठाण्यातून स्पष्ट उत्तर मिळालं नाही, तर तेवढाच भाग सोडून जे माहीत आहे ते लिहा.

मग त्याच दोन ग्रुपवर, त्याच नावाने लिहा. 'काही मेसेज फिरत आहेत, कृपया विश्वास ठेवू नये' असलं परिपत्रकी मराठी नको. ते वाचून लोकांना वाटेल, हेही वरून आलं. साधारण असं लिहिता येईल :

'मी चौथीच्या वर्गाची बाई. रविवारी रात्री दोन बायकांचा फोटो आणि मजकूर मी या ग्रुपवर टाकला होता. तो न तपासता टाकला, ही माझी चूक. तो फोटो दोन वर्षांपूर्वीचा, दुसऱ्या जिल्ह्याच्या नावाने फिरलेला आहे, हे कळल्यावर मी स्वतः काढला. मला कोणीही काढायला लावला नाही. आज पोलीस पाटलांसोबत ठाण्यात विचारलं. आपल्या हद्दीत मूल पळवल्याची तक्रार नाही. ज्यांनी तो पुढे पाठवला त्यांनी हा मेसेजही तिथेच पाठवावा. मुलांना शाळेत पाठवा, मी वर्गात आहे. कोणाला काही विचारायचं असेल तर शाळा सुटल्यावर भेटा.'

'मला कोणीही काढायला लावला नाही' हे वाक्य वगळू नका, काकूंच्या प्रश्नाचं उत्तर त्यात आहे. जुना फोटो मात्र परत टाकू नका, त्यावर लाल फुली मारूनही नको. छोट्या पडद्यावर फुली दिसत नाही, बायका दिसतात. त्या बायका कोण, कुठल्या, त्यांना हे ठाऊक तरी आहे का, देव जाणे. हाच मजकूर आपल्या आवाजात बोलून व्हॉइस मेसेजही करा. वाचायचा कंटाळा करणारेही तो ऐकतील, आणि तुमचा आवाज गाव ओळखतं. व्हॉइस पुढे पाठवला तरी 'बाईंनी सांगितलंय' हे त्याच्यासोबत जाईल. अफवेला जे वजन तुमच्या नावाने मिळालं, ते आता खुलाशाला मिळू द्या.

ग्रुपवर लिहून मात्र अर्धंच काम होतं. अफवा ज्या म्हाताऱ्या आणि मजूर बायकांपर्यंत तोंडी पोचली, त्यांच्यापर्यंत खुलासाही तोंडीच जाईल. सरपंचांना विनंती करून ग्रामपंचायतीच्या स्पीकरवरून संध्याकाळी दोन वाक्यं सांगता येतात, रानातून माणसं परतल्यावर. आणि नळावर जा. तिथे घोळक्यात सुरुवात करण्यापेक्षा आधी काकूंच्या ओट्यावर बसा आणि त्यांना एकटीला सांगा. "काकू, तुम्ही विचारलंत ना मेसेज का काढला, तो खोटा होता म्हणून काढला." पुढचं त्या करतील. सगळ्या आळीला खबर लागते ती बहुधा त्यांच्याच ओट्यावरून, आणि तुमची बाजू मांडायला तुमच्यापेक्षा त्या बऱ्या.

एखादी फटकळ बाई म्हणेलही, 'आधी कळत नव्हतं का?' तेव्हा 'नाही, घाईत टाकला' एवढं म्हणून गप्प राहा. हेतू सांगत बसलात की संभाषण तुमच्याविषयी होतं, आणि मग खुलासा कोणाच्या लक्षात राहत नाही.

आता त्या दोघी. माझ्या मते हे सगळ्यात आधी व्हायला हवं होतं, पण तुमच्या पत्रात ते शेवटाकडे आलं म्हणून मीही इथवर थांबले. मोबाइल कोणाकडे आहे ते गावात लपत नाही. पोरांपैकी एखादा तुमच्याच एखाद्या मुलाचा मोठा भाऊ असेल. त्याला दमात घेऊ नका, 'मी पाठवलेला मेसेज खोटा होता, तुम्ही त्याच्यावर विसंबून केलंत' असं म्हणा. त्याला मागे फिरायला वाट मिळते. फोन पोलीस पाटलांच्या हाती द्यायला लावा. त्या दोघींची पालं जवळच्या बाजाराच्या गावी, गायरानात नाहीतर स्टँडमागे कुठे आहेत ते पाटलांना किंवा दुकानदारांना ठाऊक असेल. पाटील, सरपंच किंवा सदस्य बाई, आणि तुम्ही, एवढ्यांनीच जा. घोळका नको, आणि माफी मागताना व्हिडिओ तर मुळीच नको. आधीच एका फोटोने एवढं केलं आहे. फोन चालू आहे का ते त्यांच्यासमोर बघा. बिघडला असेल तर दुरुस्तीचे पैसे कोण देणार ते तिथेच ठरवा. त्यांना तक्रार द्यायची असेल तर तो त्यांचा हक्क आहे, 'मिटवून टाकू' असं त्यांना म्हणू नका. आणि पुन्हा गावात येतील तेव्हा पाटलांकडे आधी कळवून यावं की थेट यावं, हे त्यांनाच विचारा. पुष्कळ भटकी मंडळी तशी नोंद स्वतःहून करतात. पण ती त्यांच्यावर लादलेली हजेरी होता कामा नये.

नोकरीचं. भारतीय न्याय संहिता १ जुलै २०२४ पासून लागू आहे आणि तिच्या कलम ३५३ मध्ये लोकांत घबराट पसरेल अशी खोटी माहिती किंवा अफवा पसरवण्याबद्दल तीन वर्षांपर्यंतची शिक्षा आहे, फोनवरून पसरवली तरी. खरं मानायला वाजवी कारण होतं आणि वाईट हेतू नव्हता, अशा माणसाला त्यात अपवादही आहे. तो तुम्हाला लागू होतो का, हे तुमची परिस्थिती पाहून वकीलच सांगू शकेल. 'न तपासता टाकला' असं लेखी मान्य केल्याचा पुढे वाद होईल का, ही शंका मनात असेल तर ग्रुपवर लिहिण्याआधी वकिलाला फोन करा. तालुक्याच्या न्यायालयात विधी सेवा समिती असते आणि तिथे स्त्रियांना उत्पन्न कितीही असलं तरी मोफत वकील मिळतो. पण त्या वाट पाहण्यात दिवस घालवू नका. तोवर पाटलांना आणि काकूंना तोंडी सांगायला काहीच आडवं येत नाही.

मुख्याध्यापकांना तारीख घालून पाच ओळींचं पत्र द्या आणि त्याची पोच घ्या : केव्हा आला, कुठून आला, कुठे टाकला, केव्हा काढला, खुलासा केव्हा केला. उद्या पंचायत समितीतून विचारणा आली तर मुख्याध्यापकांनाही ते पत्र उपयोगी पडेल, आणि हे त्यांना तसंच सांगा. 'गप्प बसा' म्हणणाऱ्या साहेबांना धोका दाखवण्यापेक्षा कागद दाखवलेला बरा. तुमच्या फोनमधून आता काहीही पुसू नका. केंद्राच्या ग्रुपवर आलेला मूळ मेसेज, मैत्रिणीने कळवलेला मजकूर, दोन्ही वेळेसकट राहू द्या. घाईघाईने फोन साफ करणारं माणूस चौकशीत उगाच वाईट दिसतं.

वर्गात परिपाठाला या विषयावर भाषण नको. जी मुलं आली आहेत ती घरची कुजबुज ऐकून आली आहेत. त्यांना आधी विचारा, काय ऐकलं? मग सांगा की बाईंनी एक चुकीचा फोटो पाठवला होता. कोणाबरोबरही घरी न सांगता जायचं नाही, हे नेहमीचं सांगताना त्यात ओळखीच्या माणसांनाही धरा. मुलांवरच्या अत्याचाराच्या बहुतांश प्रकरणांत आरोपी ओळखीचाच निघतो. १०९८ हा मुलांच्या मदतीचा क्रमांक फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवा. पालकांना खरोखर सावध करायची इच्छा होती ना, ती इथे पुरी होईल. आणि पट रोज पाहा. १६ मुलं एका दिवसात परत येणार नाहीत. आठवड्यानेही जी दोन-तीन येत नसतील, त्यांच्या घरी खुलासा पोचलेला नाही असं समजून स्वतः जा.

तुमच्यासारखं पत्र लिहायच्या बेतात असलेल्या इतरांसाठी एक खूण. मेसेजच्या डोक्यावर दोन बाण दिसले तर तो तुमच्याकडे येण्याआधी निदान पाच हातांतून गेलेला असतो, आणि ॲप तो एका वेळी एकाच ठिकाणी पाठवू देतं. ॲपने हात धरला की फोन खाली ठेवून पोलीस पाटलांना विचारायचं. एक बाण म्हणजे मेसेज खरा, असं मात्र नाही. कोणी मजकूर कॉपी करून नव्याने टाकला की बाण नाहीसेच होतात.

शेवटी एक काम राहतं आणि ते बहुधा कोणीच केलेलं नसणार. तुम्हाला ज्या केंद्राच्या ग्रुपवरून तो फोटो आला, तिथे तो अजून तसाच असेल. त्या ग्रुपवर जितक्या शाळा तितक्या गावांचे शिक्षक आहेत आणि प्रत्येकाचा एक पालक ग्रुप आहे. ज्यांनी टाकला त्या गुरुजींना चारचौघांत काही न बोलता फोन करा, दोन वर्षांपूर्वीचा संदर्भ सांगा आणि त्यांना स्वतः खुलासा लिहू द्या. ते टाळत असतील तर केंद्रप्रमुखांना सांगा. ग्रुपचा ॲडमिन कोणाचाही मेसेज सगळ्यांसाठी काढू शकतो. फक्त त्यांनाही सांगा की आधी खुलासा टाका, लोकांना तो वाचू द्या, आणि मग फोटो काढा.